ताप कितव्या दिवसाचा, एवढं कागदावर लिहा

प्रति,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, आणि गावोगाव दवाखाना चालवणारे डॉक्टर, यांना नमस्कार.

मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढलं, त्यातला बराच काळ तापाच्या रुग्णांचं रक्त तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर गावी आलो आणि आता चार कुणगे भात करतो. म्हणजे जे पाणी मी आधी ट्यूबमधून ओळखत होतो, त्यात आता गुडघाभर उभा असतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर जे दिसतं ते तुम्हाला लिहावंसं वाटलं.

सॅम्पलसोबत येणाऱ्या फॉर्मवर नाव, वय, गाव, लिंग सगळं असतं. ‘ताप’ असा शेराही असतो. तो ताप कितव्या दिवसाचा आहे, ही जागा मात्र बहुतेक वेळा कोरी असते. उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीत ती जागा कोरी असली तर खाली आम्ही काढलेल्या आकड्याला जवळजवळ काहीच अर्थ उरत नाही. हे पत्र त्या एका कोऱ्या जागेबद्दल आहे.

एक रुग्ण सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तारखा तेवढ्या खऱ्या क्रमाने देतो. बेचाळीस वर्षांचा शेतकरी, लावणी अर्धी झालेली. ९ जुलैला रात्रभर पाऊस पडला, नदीचं पाणी मळ्यात शिरलं आणि एका कुणग्याची मेर, म्हणजे बांध, फुटली. १० आणि ११ जुलैला हा माणूस चिखलात उभा राहून हाताने माती लावून मेर बांधत होता. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, पावसाळ्यात कोणाच्या नसतात? १९ जुलैला थंडी वाजून ताप आला. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं. घरच्यांनी दोन दिवस गोळ्यांवर काढले आणि २१ तारखेला, म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी, त्याला दवाखान्यात नेलं. तिथे डेंग्यूची आणि लेप्टोची अशा दोन्ही स्ट्रिप लावल्या. दोन्ही निगेटिव्ह. केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं.

२४ तारखेला डोळे लाल झाले, पण चिपडं नाहीत, खाज नाही. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. लघवी कमी झाली. २५ ला मोठ्या रुग्णालयात पोहोचला तेव्हा क्रिएटिनिन ३.८, बिलिरुबिन ६, प्लेटलेट ४८ हजार, पांढऱ्या पेशी १४ हजार. यकृताची एन्झाइम्स मात्र दोनशेच्याही आत. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विषाणूजन्य काविळीत बिलिरुबिन एवढं चढलं तर एन्झाइम्स सहसा हजारांत जातात. लेप्टोत माणूस हळदीसारखा पिवळा होतो आणि एन्झाइम्स थोडीच वाढलेली असतात, कारण तिथे यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत, त्यांचं कामकाज बिघडतं.

त्याला लगेच सेफ्ट्रियाक्झोन सुरू झालं, दोनदा डायलिसिस लागलं, आणि माणूस वाचला. माझा मुद्दा त्याच्या रक्ताबद्दल आहे. २१ तारखेची स्ट्रिप निगेटिव्ह आली ती किट खराब होतं म्हणून नाही. ती स्ट्रिप लेप्टोस्पायरा हा जंतू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं ती शोधते, आणि ती मोजता येण्याइतकी व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी हा जंतू रक्तात भरपूर असतो आणि प्रतिपिंडं नसतात. अशा वेळी स्ट्रिप लावणं म्हणजे चोर घरात असताना पोलीस चौकीत जाऊन तक्रार नोंदली गेली आहे का ते बघणं. नोंद नाही म्हणून चोरी झाली नाही, असं आपण ठरवतो.

त्या तिसऱ्या दिवशी जे उपयोगी पडलं असतं ते म्हणजे जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं दोन-तीन मिली रक्त, पीसीआरसाठी, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घेतलेलं. पीसीआर जंतूचा जनुकीय अंश शोधते, म्हणून ती पहिल्या आठवड्यातली तपासणी आहे. जंतू रक्तातून एकदा हटला की ती रक्तात निगेटिव्ह येते. आमच्या या रुग्णाचं पीसीआरचं रक्त २६ तारखेला, आठव्या दिवशी, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घेतलं गेलं. ते निगेटिव्ह आलं, यात कुणाला आश्चर्य वाटायला नको. त्याच दिवशीची आयजीएम एलायझा, म्हणजे स्ट्रिपसारखीच प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. म्हणजे पाच दिवसांच्या अंतराने एकाच माणसाच्या रक्ताने दोन वेगवेगळी उत्तरं दिली, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती.

एलायझा पॉझिटिव्ह म्हणजे लेप्टो पक्का, असंही नाही. हे आमच्या बाजूचं दुखणं आहे, तेही सांगतो. आयजीएम काही महिने, कधी त्याहून जास्त काळ रक्तात राहतं. आपल्याकडे लावणी करणारा माणूस दरवर्षी त्याच पाण्यात उभा राहतो. मागच्या भाद्रपदात कळत-नकळत येऊन गेलेला लेप्टो यंदाच्या आषाढात डेंग्यू झाल्यावरही स्ट्रिपवर रेघ उमटवू शकतो. शिवाय डेंग्यू, स्क्रब टायफस, हिपॅटायटिस यांच्यातही कधीकधी खोटी रेघ येते. म्हणून एलायझाला आम्ही ‘संभाव्य’ म्हणतो. ‘निश्चित’ म्हणायला तीन वाटा आहेत. रक्तात पीसीआर पॉझिटिव्ह, किंवा कल्चरमध्ये जंतू वाढला, किंवा काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन रक्तांमध्ये एमएटी या चाचणीचं टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, चौपट चढलं.

कल्चरचं थोडक्यात सांगतो, कारण रुग्णाच्या उपयोगाचं ते जवळजवळ नसतं. हा जंतू खास माध्यमात, तीस अंशांच्या आसपास, फार सावकाश वाढतो. आठवडे जातात, कधी तीन महिने. तोवर रुग्ण एकतर भात झोडत असतो किंवा नसतोच. पण आपल्या भागात कोणता प्रकार फिरतोय हे खात्रीने कळायचं असेल तर कल्चरशिवाय इलाज नाही. कल्चरसाठीचं रक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, एवढी एक गोष्ट तुमच्याकडून हवी. ते साध्या खोलीच्या तापमानाला राहू द्यावं. पीसीआरचं रक्त मात्र थंड ठेवायचं. हे उलटं-सुलटं झालेले किती डबे मी उघडले असतील, मोजलेले नाहीत.

एमएटीवर मी जरा रेंगाळणार आहे. माझा जीव त्यात अडकलेला आहे, आणि ही तपासणी कशी होते ते माहीत नसल्यामुळेच दुसरं रक्त पाठवायचं राहून जातं असं मला वाटतं.

हिचं लांबलचक नाव आहे सूक्ष्म समूहन चाचणी. प्रयोगशाळेला लेप्टोस्पायराचे जिवंत प्रकार कायम पाळावे लागतात, गोठ्यातली गुरं पाळावीत तसे. ठरावीक दिवसांनी नव्या माध्यमात बदलायचे, भेसळ होत नाही ना ते बघायचं. रुग्णाचं सीरम टप्प्याटप्प्याने दुप्पट पातळ करत जायचं, १:१००, १:२००, १:४०० असं. प्रत्येक थेंबात प्रत्येक प्रकारचे जिवंत जंतू मिसळायचे आणि दोनेक तास ठेवायचं. मग डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चांदीच्या बारीक तारेसारखे, टोकाला आकडा असलेले जंतू वळवळताना दिसतात. सीरममध्ये प्रतिपिंडं असली तर ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. नुसत्या जंतूंच्या थेंबाशी तुलना करता निम्मे जंतू मोकळे राहिलेले नाहीत असा जो शेवटचा टप्पा, तेच टायटर. ‘निम्मे’ हे डोळ्यांनी ठरवायचं. त्यामुळे दोन रक्तं आली की ती एकाच दिवशी, एकाच माणसाने, शेजारी शेजारी बघायला हवीत. पहिलं जूनमध्ये एकाने बघितलं आणि दुसरं जुलैमध्ये दुसऱ्याने, तर चौपट चढ आहे की दोन माणसांच्या नजरेतला फरक, हे कसं सांगणार?

आमच्या रुग्णाचं आठव्या दिवशीचं टायटर १:१०० होतं. एवढ्यावरून काही बोलता येत नाही. माझं स्वतःचं रक्त आज तपासलं तर कदाचित एवढं निघेल. ९ ऑगस्टला, म्हणजे बाविसाव्या दिवशी, त्याला पुन्हा बोलावून रक्त घेतलं. त्यात १:१६०० आलं. शंभरावरून सोळाशे, सोळापट. तेव्हा कुठे त्याच्या नावापुढे ‘निश्चित’ लिहिता आलं. तो बरा होऊन घरी गेला होता, कामाला लागला होता, आणि आशाताईंनी दोन फेऱ्या मारून त्याला आणलं म्हणून ते रक्त मिळालं. अशी दुसरी रक्तं फार थोडी येतात.

एमएटीच्या मर्यादाही आहेत. पाळलेल्या प्रकारांत आपल्या मळ्यातला प्रकार नसेल तर टायटर खालीच राहू शकतं. सुरुवातीच्या रक्तात तर भलत्याच प्रकाराशी सर्वांत जोरात प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून एमएटीच्या एका कागदावरून ‘या गावात अमुक प्रकार आहे’ असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर सबुरीने घ्या. आणि अँटिबायोटिक लवकर सुरू झालं असेल तर प्रतिपिंडं उशिरा येतात किंवा कमी येतात. अशा रुग्णाचं पंधराव्या दिवशीचं रक्त सपाट निघालं तरी महिन्याने आणखी एक घेऊन बघावं लागतं. म्हणून औषध कधी सुरू केलं तेही फॉर्मवर हवं.

यावर काही डॉक्टरांनी मला पूर्वी विचारलं आहे, मग तपासणीसाठी औषध थांबवायचं का? अजिबात नाही. पावसाळ्यात चिखलात राबलेला माणूस तापाने आला, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल आहेत, तर औषध त्याच मिनिटाला सुरू करावं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. डॉक्सिसायक्लिनने लेप्टोही आवरतो आणि स्क्रब टायफसही. मी मागतोय तो फक्त क्रम. आधी सुई, मग गोळी. मध्ये दोन मिनिटं जातात.

आता उंदरांकडे येतो, कारण रुग्णाला तुम्ही जो प्रश्न विचारता तो मला अपुरा वाटतो. ‘पुराच्या पाण्यातून चाललात का?’ असं विचारतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईनंतर लेप्टो म्हणजे गटाराचं, रस्त्यावर तुंबलेलं पाणी हे चित्र डोक्यात बसलं आहे. शेतकरी ‘नाही’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तो पुरातून चाललेला नसतो. पूर ओसरल्यावर त्याने मेर बांधलेली असते.

मेर हे उंदराचं घर आहे. आपल्याकडे भाताच्या मेरेत बीळ करणारा जो काळपट, आखूड शेपटीचा, पकडला की फिस्कारणारा उंदीर असतो, त्याचं शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा आणि आत तोडून नेलेल्या लोंब्यांचा साठा, ही त्याची खूण. भारतात या जातीच्या मूत्रपिंडातून लेप्टोस्पायरा वेगळे काढलेले आहेत. घरातला काळा उंदीर आणि मोठी घूसही यात आहेतच, पण शेतात मुक्काम याचा.

उंदराला या जंतूचा त्रास होत नाही. जंतू त्याच्या मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या आतल्या भिंतीवर थर करून राहतो आणि प्रत्येक लघवीतून बाहेर पडतो, महिनोन् महिने, बहुधा मरेपर्यंत. एरवी ही लघवी बिळात आणि मेरेवर पडते, उन्हाने सुकते, आणि सुकलं की हा जंतू मरतो. आम्ल मातीतही तो टिकत नाही. आपली जांभ्याची माती आम्ल, म्हणून कोरड्या दिवसांत ती त्याला मानवत नाही. पण चिखळणी करून तीच माती पाण्याखाली ठेवली की काही आठवड्यांत तिची आम्लता कमी होत उदासीनाच्या जवळ येते. कोमट, सावलीतलं, संथ, ना आम्ल ना खारट असं पाणी. भाताला आपण जे सुख देतो तेच याला मिळतं, आणि अशा पाण्यात तो काही आठवडे जगू शकतो.

पुराने यात दोन गोष्टी होतात. बिळं बुडतात आणि आतली साठलेली घाण मळ्यात पसरते. आणि बुडालेल्या बिळांतले उंदीर उरलेल्या उंच जागी, म्हणजे न फुटलेल्या मेरेवर, मांगरात, गोठ्यात एकवटतात. ज्या जागी माणूस दुसऱ्या दिवशी हाताने माती थापतो, तीच ही जागा. तेव्हा विचारायचंच तर असं विचारा, ‘गेल्या महिनाभरात मेर बांधलीस का? गोठा साफ केलास का? तेव्हा हातापायाला काही लागलेलं होतं का?’ आमच्या रुग्णाचा १०-११ जुलै ते १९ जुलै हा आठ-नऊ दिवसांचा काळ अगदी पुस्तकी आहे. सहसा पाच ते चौदा दिवस लागतात, पण दोनापासून तीस दिवसांपर्यंत काहीही होऊ शकतं, म्हणून ‘गेल्या आठवड्यात’ एवढंच विचारून भागत नाही.

एखाद्या गावात दोन-तीन रुग्ण निघाले की ग्रामपंचायत उंदीर मारण्याच्या गोळ्या वाटते. वाटू द्या, पण वेळ बघा. लावणीआधी, मे महिन्यात, मेरा कोरड्या असताना आणि बिळं दिसत असताना सगळ्या मळ्याने मिळून केलं तर त्याला अर्थ आहे. पुरानंतर एकट्या-दुकट्याने विष टाकलं तर रिकाम्या जागेत शेजारचे उंदीर येतात, त्यांची मारामारी होते, चावे होतात. कॅनडात व्हँकुव्हर शहरातल्या उंदरांवर हे तपासलं आहे. सापळ्यांनी काही उंदीर मारल्यावर उरलेल्यांमध्ये लेप्टोस्पायरा असण्याची शक्यता कमी न होता वाढलेली आढळली. ते शहर आहे, आपला भाताचा मळा नव्हे, हे मान्य. पण ‘चार मारले म्हणजे चाराने धोका कमी’ हा हिशेब तरी त्यावरून सोडून द्यावा.

आणि उंदीर पकडून कुणी प्रयोगशाळेत पाठवलाच, तर त्याचं नुसतं रक्त तपासून भागत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून एवढंच कळतं की त्याची कधीतरी या जंतूशी गाठ पडली होती. तो आज पाण्यात जंतू सोडतोय का, हे मूत्रपिंडाच्या तुकड्याच्या पीसीआरवरून किंवा कल्चरवरून कळतं. उंदराचं रक्त निगेटिव्ह आणि मूत्रपिंड जंतूंनी भरलेलं, असंही होतं.

एका गोष्टीचा मला जास्त त्रास होतो. काही रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी फुप्फुसात रक्तस्राव होऊन जातात. खोकल्यातून रक्त, तासाभरात धाप, आणि संपलं. त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. त्यांची स्ट्रिप निगेटिव्ह, एलायझा निगेटिव्ह, दुसरं रक्त मिळणं शक्यच नाही. पहिल्या दिवसांतलं जांभळ्या झाकणाचं रक्त कुणी घेतलेलं नसेल तर तो मृत्यू ‘न्यूमोनिया’ किंवा ‘डेंग्यूसदृश’ म्हणून लिहिला जातो. म्हणजे सर्वांत वाईट लेप्टो आपल्या आकड्यांत सर्वांत कमी दिसतो, आणि त्याच आकड्यांवरून पुढच्या वर्षी कोणत्या गावात डॉक्सिसायक्लिन वाटायचं ते ठरतं.

ही चूक जुनी आहे. १९०७ साली स्टिमसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पीतज्वराने गेल्याचं समजलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या कापावर चांदीचा रंग चढवला, तेव्हा त्याला नलिकांमध्ये टोकाला वाकलेले बारीक जंतू दिसले. प्रश्नचिन्हासारखे दिसतात म्हणून त्याने नाव ठेवलं ‘इंटरोगान्स’. ते आजही चालू आहे. माणूस दुसऱ्याच रोगाच्या नावाने गेला होता. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी हा जंतू रोगाचं कारण म्हणून सिद्ध केला, आणि तिथेच उंदीर वाहक असल्याचंही कळलं. तिथले शेतकरी या तापाला आधीपासून ‘सात दिवसांचा ताप’, ‘शरदातला ताप’ अशा नावांनी ओळखत होते. शेतकऱ्यांनी दिवस मोजलेले होते.

म्हणून मागणं एवढंच. फॉर्मवर तापाचा पहिला दिवस तारखेने लिहा, ‘चार-पाच दिवसांपासून’ असं नको. अँटिबायोटिक कधी सुरू केलं ती तारीख आणि कोणतं ते लिहा. साप्ताहिक डॉक्सिसायक्लिनची गोळी त्याने घेतली होती का तेही, कारण त्यानेही आमचे निकाल फिरतात. सात दिवसांच्या आतला ताप असेल तर पीसीआरसाठी जांभळी ट्यूब, त्यापुढचा असेल तर प्रतिपिंडांसाठी लाल ट्यूब, आणि मधल्या दिवसांत शंका असेल तर दोन्ही. घरी पाठवताना केसपेपरवर दुसऱ्या रक्ताची तारीख टाका, दहा ते चौदा दिवसांनंतरची, आणि ती आशाताईंना सांगा. रुग्ण स्वतःहून येणार नाही, त्याला बरं वाटत असतं आणि बेणणीचे दिवस असतात.

लघवीचं सॅम्पल पाठवणार असाल तर दुसऱ्या आठवड्यात पाठवा आणि लगेच पाठवा. आम्ल लघवीत हा जंतू काही तासांतच मरतो. संध्याकाळच्या एसटीने डबा येईपर्यंत कल्चरच्या दृष्टीने ते नुसतं पाणी झालेलं असतं.

कळावे,
कुडाळ तालुक्यातला एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ